विषय: ट्रान्स्क्रिप्टवरील 59.82 टक्के कोणत्या सूत्राने काढले याबाबत (बी.एस्सी. भौतिकशास्त्र, आसन क्र. 41287)

प्रति,
मा. कुलसचिव
प्रत: मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ

दि. 14 जुलै 2025

महोदय,

7 जुलै 2025 रोजी मला मिळालेल्या ट्रान्स्क्रिप्टवर सीजीपीए 6.75 आणि त्याच ओळीत टक्केवारी 59.82 छापली आहे. खाली फक्त ‘टक्केवारी विद्यापीठाच्या नियमानुसार’ एवढीच टीप आहे. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नियम कोणता लावला ते विचारते आहे.

सहाही सत्रांच्या गुणपत्रिकांवरून केलेली बेरीज अशी:

```
सत्र   श्रेयांक   श्रेयांक × श्रेणीगुण   एसजीपीए
1       20          126                6.30
2       20          130                6.50
3       22          147                6.68
4       22          150                6.82
5       24          166                6.92
6       24          172                7.17
एकूण   132          891
सीजीपीए = 891 ÷ 132 = 6.75
```

म्हणजे छापलेला सीजीपीए बरोबर आहे. शंका आहे ती त्यापुढच्या पायरीबद्दल.

एआयसीटीईच्या तक्त्यात 6.25 ला 55, 6.75 ला 60 आणि 7.25 ला 65 टक्के आहेत, म्हणजेच (सीजीपीए − 0.75) × 10. तो धरला तर 60.00 यायला हवेत. सरळ दहाने गुणलं तर 67.50 येतात. दहावीच्या निकालासाठी सीबीएसई वापरत असे तो 9.5 चा गुणक लावला तर 64.13. श्रेणी बाजूला ठेवून प्रत्यक्ष गुण घेतले तर 3300 पैकी 2086, म्हणजे 63.21. यांपैकी एकही 59.82 नाही.

59.82 फक्त एका रीतीने येतात. सहा एसजीपीएंची श्रेयांक न धरता साधी सरासरी काढली (40.39 ÷ 6 = 6.7317), तिच्यातून 0.75 वजा केले आणि दहाने गुणलं, की 59.817, पूर्णांकन करून 59.82. पहिल्या दोन सत्रांचे श्रेयांक 20 आणि शेवटच्या दोन सत्रांचे 24 असल्यामुळे साध्या सरासरीत सुरुवातीच्या कमी एसजीपीएंना जास्त वजन मिळतं. सगळ्या सत्रांचे श्रेयांक सारखे असते तर हा फरक दिसलाच नसता. छपाईच्या फाइलमध्ये सीजीपीएचा रकाना एका ठिकाणाहून आणि टक्केवारीचा दुसऱ्या ठिकाणाहून येत असावा, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असेल तर कळवावे.

तिसऱ्या सत्रातला 4 श्रेयांकांचा एक पेपर एटीकेटीने सुटला आहे, त्यामुळे जुनी गुणपत्रिका धरली गेली का, तेही पडताळलं. तसं झालं असतं तर त्या पेपरचे 16 श्रेणीगुण वजा होऊन 875 ÷ 132 = 6.63, म्हणजे 58.80 टक्के आले असते. तेव्हा ते कारण नाही.

0.18 चा फरक किरकोळ वाटेल, पण ‘किमान 60 टक्के’ अशी अट असलेल्या ठिकाणी ऑनलाइन अर्ज 59.82 वरच अडतो. शिवाय पडताळणी करणाऱ्याने एकाच कागदावर 6.75 आणि 59.82 पाहिलं, की त्याला दोन्ही आकड्यांचा संशय येतो.

म्हणून कृपया एवढं कळवावं:

टक्केवारीसाठी विद्यापीठाचं लागू सूत्र कोणतं, आणि 2022-23 ला प्रवेश घेतलेल्या तुकडीला ते कोणत्या परिपत्रकाने लागू झालं (क्रमांक व दिनांकासह)? सूत्रात छापलेला, दोन दशांशांचा सीजीपीए घ्यायचा की पूर्णांकन न केलेला? माझ्या बाबतीत दोन्ही 6.75च आहेत, पण उत्तर लेखी असलेलं बरं.

लागू सूत्र एआयसीटीईच्या तक्त्याप्रमाणेच असेल, तर टक्केवारी 60.00 अशी दुरुस्त करून ट्रान्स्क्रिप्टच्या तीन सीलबंद प्रती पुन्हा द्याव्यात. चूक गणनेतली असल्याने त्यांचं शुल्क माझ्याकडून घेतलं जाऊ नये, ही विनंती. सूत्र वेगळं असेल, तर ते नमूद करणारं आणि माझ्या 6.75 वर लावून दाखवणारं रूपांतरण प्रमाणपत्र विद्यापीठाच्या शिक्क्यासह द्यावं.

माझी कागदपत्र पडताळणी 28 जुलैला आहे. दुरुस्त प्रत तोपर्यंत होणार नसेल, तर लागू सूत्र सांगणारं एक सहीचं पत्र 25 जुलैपर्यंत मिळालं तरी त्या दिवसापुरतं काम भागेल.

सहा सत्रांच्या गुणपत्रिका (तिसऱ्या सत्राच्या दोन्ही), ट्रान्स्क्रिप्टची प्रत आणि शुल्काची पावती एकाच पीडीएफमध्ये सोबत जोडली आहे. मूळ कागद दाखवायचे असल्यास कोणत्या खिडकीवर आणि किती वाजता यायचं ते कळवावं.

आपली विश्वासू,
स. वि. जाधव
आसन क्र. 41287, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), एप्रिल 2025 परीक्षा