छापील पुस्तक की मोबाइल? : कोल्हापुरातल्या आठवी ते बारावीच्या वाचकांसाठी प्रश्नावली

मित्रमैत्रिणींनो,

‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ असं आम्ही रोज ऐकतो. आम्हाला ते पटत नाही. तुम्ही दिवसभर काही ना काही वाचत असता. त्यात मराठी किती, पुस्तक किती आणि मराठी पुस्तक तुमच्यापर्यंत येता येता नेमकं कुठं अडतं, हे तुमच्याकडूनच समजून घ्यायचं आहे.

आम्ही म्हणजे मराठी शिकवणारे काही शिक्षक आणि पेठांमधल्या वाचनालयांत संध्याकाळी काम करणारे काही स्वयंसेवक. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशातला पहिला कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं केला. अशा गावात तुमच्या वयाच्या वाचकाला काय हवं हे कुणी विचारलंच नाही, तर ती आमची चूक ठरेल. पुढच्या खरेदीत कोणती पुस्तकं घ्यायची आणि वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, हे ठरवताना तुमची उत्तरं समोर ठेवली जातील.

आधी एवढं वाचा

नाव, शाळा, हजेरी क्रमांक यांतलं काहीही लिहू नका. पालकांचं संमतिपत्र दिलं असेल तरच प्रश्नावली भरा. नको वाटेल तो प्रश्न सोडा, कारण सांगायची गरज नाही. पर्यायाच्या अक्षराला गोल करा. जिथं ‘लिहा’ म्हटलंय, तिथं सोबतच्या कोऱ्या कागदावर प्रश्नाचा क्रमांक घालून लिहा. पाठ्यपुस्तकं, गाईड आणि क्लासच्या नोट्स यात मोजायच्या नाहीत. आम्हाला बरं वाटावं म्हणून एकही उत्तर देऊ नका. ‘काहीच वाचलं नाही’ हे उत्तरही तितकंच मोलाचं आहे.

तुमच्याविषयी

१. इयत्ता आणि वय लिहा.

२. शाळेचं माध्यम : (अ) मराठी (ब) सेमी (क) इंग्रजी (ड) उर्दू किंवा अन्य

३. घरात बोलायची भाषा कोणती? एकाहून जास्त असतील तर सगळ्या लिहा.

४. मोबाइल : (अ) स्वतःचा आहे (ब) भावंडांत मिळून एक (क) आई-वडिलांचा, ते घरी आले की मिळतो (ड) मिळत नाही

कालचा दिवस

‘सहसा किती वाचता?’ असं विचारलं की कुणीही अंदाजानं सांगतं. म्हणून फक्त कालचा दिवस आठवा. काल सण होता किंवा परीक्षा होती, तर तसं लिहा.

५. काल मोबाइलवर काय काय वाचलं? लागू पडतील तितक्या अक्षरांना गोल करा.
(अ) मित्रांचे मेसेज (ब) बातमी (क) क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा स्कोअर (ड) रीलखालच्या ओळी आणि प्रतिक्रिया (इ) कथा, कादंबरीचा भाग किंवा कविता (फ) एखाद्या विषयाची माहिती शोधून (ग) काहीच नाही

६. त्यातलं मराठीत कोणतं होतं? फक्त अक्षरं लिहा. रोमन लिपीत टाइप केलेली मराठीही मराठीच धरा, पण त्या अक्षरापुढे ‘रो’ लिहा.

७. काल कागदावर छापलेलं काय वाचलं? पेपरची पुरवणी, मासिक, दिवाळी अंक, पुस्तक, वडापाव बांधून आलेला कागदसुद्धा चालेल. लिहा.

शेवटचं पुस्तक

८. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? कोणत्या भाषेतलं? नाव आठवत नसेल तर गोष्ट दोन ओळींत लिहा.

९. ते कशावर वाचलं? (अ) छापील प्रत (ब) मोबाइलवर पीडीएफ (क) वाचनाच्या अॅपवर (ड) ऐकलं, म्हणजे ऑडिओबुक (इ) अर्धं कागदावर, अर्धं मोबाइलवर

१०. ते हाती कसं आलं? (अ) घरात होतं (ब) शाळेच्या वाचनालयातून (क) सार्वजनिक वाचनालयातून (ड) विकत घेतलं (इ) बक्षीस मिळालं (फ) मित्रमैत्रिणीनं दिलं (ग) ग्रुपवर कुणीतरी पाठवलं

११. अर्ध्यात सोडलेलं एखादं मराठी पुस्तक आठवा. कितव्या पानाच्या आसपास सोडलं आणि का? पुस्तक कितीही मोठ्या लेखकाचं असलं तरी मोकळेपणानं लिहा. आमच्या दृष्टीनं हा या कागदावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून याला सवडीनं उत्तर द्या.

मराठी पुस्तक आणि मोबाइल

१२. मोबाइलवर मराठी पुस्तक वाचताना काय त्रास होतो? लागू पडेल ते सगळं निवडा.
(अ) स्कॅन केलेलं पान स्क्रीनवर मावत नाही, सारखं इकडेतिकडे सरकवावं लागतं (ब) अक्षर मोठं केलं की ओळ तुटते (क) जोडाक्षरं नीट दिसत नाहीत (ड) मध्येच मेसेज येतो आणि परत पुस्तकाकडे येणं होत नाही (इ) डोळे दुखतात (फ) घरचे समजतात की खेळतोय, आणि मोबाइल काढून घेतात (ग) हवं ते पुस्तक मराठीत मिळतच नाही (ह) काही त्रास नाही, कधीही कुठंही वाचता येतं

१३. छापील मराठी पुस्तकाची अडचण कोणती?
(अ) किंमत (ब) जवळपास मिळत नाही (क) वाचनालयाची वेळ आणि क्लासची वेळ एकच (ड) वाचनालयाची अनामत (इ) शाळेतलं कपाट कुलपात असतं (फ) माझ्या वयाच्या विषयांवर नसतं, एकतर लहान मुलांचं नाहीतर मोठ्यांचं (ग) भाषा अवघड वाटते (ह) अडचण नाही

१४. यांपैकी कशाविषयी ठाऊक आहे? प्रत्येकापुढे ‘वापरलं’, ‘ऐकलंय’ किंवा ‘माहीत नाही’ लिहा : बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे इंटरनेटवर मोफत वाचता येणारे जुने अंक (मासिक १९७१ पासून निघतं), मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ, मराठी विकिस्रोत.

१५. तीच गोष्ट कागदावरही आहे आणि मोबाइलवरही. पुढच्या प्रत्येक वेळी काय निवडाल, ते ‘कागद’ किंवा ‘मोबाइल’ असं लिहा : केएमटीत उभं राहून, रात्री अंथरुणात, परीक्षा संपल्यावर दुपारी, रंकाळ्यावर मित्रांची वाट बघताना, जी गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते ती.

आपल्या मातीतले लेखक

१६. शिवाजी सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई कोवाडचे, आनंद यादव कागलचे. वि. स. खांडेकरांचं बरंचसं आयुष्य कोल्हापुरात गेलं. यांतल्या कुणाचं, धड्याबाहेर, काही वाचलंय का? (अ) पूर्ण पुस्तक (ब) काही पानं (क) ऐकलं किंवा नाटक-मालिकेत पाहिलं (ड) फक्त नाव माहीत (इ) नावही आत्ताच कळलं

१७. पुस्तकातली माणसं कोल्हापुरी बोलीत बोलत असतील तर वाचायला : (अ) जास्त आवडतं (ब) फरक पडत नाही (क) छापलेली बोली वाचायला जड जाते

शेवटचे दोन

१८. तुमच्यासाठी एक मराठी पुस्तक लिहून घ्यायचं ठरलं, तर ते कशाविषयी असावं? तालीम, फुटबॉलची पेठेपेठेतली चुरस, भीतीच्या गोष्टी, प्रेम, कोडिंग, महापूर, काहीही चालेल. दोन-चार ओळी लिहा.

१९. वाचनालयानं एकच बदल करायचा तर कोणता?

कागदाची घडी घालून वर्गाबाहेरच्या बंद पेटीत टाका. पेटी वर्गशिक्षक उघडणार नाहीत, वाचनालयात स्वयंसेवकच उघडतील. मोजणी झाल्यावर निष्कर्ष त्याच वाचनालयांच्या फळ्यावर लावले जातील. अकराव्या आणि अठराव्या प्रश्नाची निवडक उत्तरंही नावाविना तिथं लावू. तुमचं उत्तर फळ्यावर नको असेल, तर कागदाच्या कोपऱ्यात फुली मारा.