विषय: निधी उच्चांकापासून १६.६ टक्के खाली, १५ टक्क्यांचा नियम लागू

सर्व गुंतवणूकदारांना नमस्कार,

शुक्रवारी बाजार बंद झाला तेव्हा आपल्या निधीची एनएव्ही १२३.६० होती. फेब्रुवारीअखेर ती १४८.२० होती आणि तोच आपला आजवरचा उच्चांक. म्हणजे ड्रॉडाउन १६.६ टक्के. याआधीचा सर्वांत मोठा ड्रॉडाउन ९.८ टक्क्यांचा होता. त्यामुळे तुमच्यापैकी कोणीही आपल्या निधीत एवढी घसरण पाहिलेली नाही, आणि मीही नाही.

ड्रॉडाउन १५ टक्क्यांच्या पुढे गेला की पाच कामकाजाच्या दिवसांत सर्वांना लेखी कळवायचं, असं आपल्या करारपत्रात आहे. ती रेषा १२५.९७ ला होती आणि गुरुवारी ती ओलांडली गेली. म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, पण पैसा तुमचा आहे आणि हिशेब पूर्ण मिळायला हवा.

आधी नुकसान कुठे झालं ते सांगतो. उच्चांकापासून प्रति युनिट २४.६० गेले.

त्यातले ११.३० धातू आणि ऊर्जा यांतले. पण हे नवे सौदे करून हरलेले पैसे नाहीत, कागदावरचा नफा परत गेला आहे. आपली पद्धत ट्रेंडच्या मागे जाण्याची. भाव चढत असेपर्यंत आपण सौदा धरून ठेवतो आणि स्टॉप-लॉस भावाच्या बराच खाली ठेवतो, म्हणजे मधल्या किरकोळ हेलकाव्यांनी तो लागू नये. ट्रेंड उलटला की उच्चांक आणि स्टॉप यांच्यामधली रक्कम जातेच. या दोन गटांतले सगळे स्टॉप फेब्रुवारीच्या शेवटच्याच दिवशी लागले असते, तर एनएव्ही १३६.९० निघाली असती. त्या महिन्याच्या अहवालात हा आकडा दिला होता, पण तळटीपेत. आता तो दर महिन्याला एनएव्हीच्या शेजारी, त्याच अक्षरांत छापला जाईल. हातात न आलेला नफा किती आहे हे तुम्हाला वर असतानाच दिसायला हवं.

६.९० चलनांत गेले. चौदा सौदे, त्यांतले अकरा तोट्यात. भाव वर फुटला म्हणून आपण घेतलं की तो खाली यायचा, स्टॉप लागायचा, आणि आठवड्याभरात पुन्हा वर फुटायचा. दिशा नसलेल्या बाजारात ट्रेंडची पद्धत अशीच थोडी थोडी झिजते. हे अकराही सौदे मी एकेक करून तपासले. नियमाबाहेरचा एकही नव्हता. प्रत्येकाचा तोटा ठरल्याइतकाच होता, फक्त ते पाठोपाठ आले.

पुढचे ४.१० मात्र मला सलतात. शेअर निर्देशांक आणि सरकारी रोखे हे आपण दोन वेगळे गट धरले होते आणि प्रत्येकाला जोखमीची वेगळी मर्यादा दिली होती. अनेकदा ते एकमेकांच्या उलट चालतात, एक पडला की दुसरा सावरतो. एप्रिलमध्ये दोन्ही एकदम पडले आणि दोन्हींत आपण खरेदीच्या बाजूला होतो. कागदावर दोन पैजा होत्या, प्रत्यक्षात एकच होती, दुप्पट आकाराची. असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. २०२२ मध्ये महागाई आणि व्याजदर चढले तेव्हा जगभर शेअर आणि रोखे वर्षभर बरोबरच घसरले होते. ते अपवाद समजून मी गटांची रचना तशीच ठेवली. हा निर्णय माझा होता आणि तो चुकला.

राहिलेल्यांपैकी ०.६० शुल्क आणि दलालीचे. १.७० ऑर्डर ठरल्या भावाला न झाल्यामुळे गेले, आणि त्यातले ०.९० आमच्या थेट चुकीचे आहेत.

ती चूक अशी. मे महिन्यात कच्च्या तेलाचा एक सौदा पुढच्या महिन्यात रोलओव्हर केला. जुन्या महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट विकलं, पुढच्या महिन्याचं घेतलं. स्टॉपची ऑर्डर मात्र जुन्या महिन्यावरच राहिली. रात्रभर पोझिशन स्टॉपशिवाय उघडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ८.४० ला ब्रोकरच्या यादीशी आमची यादी ताडून पाहताना एक ओळ जुळेना. तोवर भाव गॅप देऊन खाली उघडला होता. आम्ही तिथेच बाहेर पडलो. स्टॉप जागेवर असता तर ज्या भावाला सुटलो असतो, त्यापेक्षा प्रति युनिट ०.९० जास्त गेले. करारपत्रानुसार कामकाजातल्या चुकीची भरपाई व्यवस्थापन कंपनीने करायची असते. ती रक्कम ३० जूनच्या एनएव्हीत जमा होईल. त्या चुकीनंतर कोणीही बाहेर पडलेलं नाही, त्यामुळे ती सर्वांना मिळेल. आता रोलओव्हर झाला की दुसरी व्यक्ती ब्रोकरच्या स्क्रीनवरून स्टॉपची यादी मोठ्याने वाचते, कॉन्ट्रॅक्टच्या महिन्यासकट, आणि त्यावर सही केल्याशिवाय दिवस संपत नाही.

स्टॉपबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण फोनवर दोघांनी विचारलं. स्टॉप म्हणजे हमी नव्हे. तो भाव आला की बाजारात असेल त्या भावाला ऑर्डर सुटते, एवढंच. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची किमान पातळी अचानक सोडून दिली, तेव्हा त्या पातळीजवळ लावलेले स्टॉप कितीतरी दूरच्या भावांना पार पडले आणि काही ब्रोकरही बुडाले. म्हणून आपला खरा बचाव सौद्याच्या आकारात आहे, आणि आपले नियमही आकाराबद्दलच बोलतात.

आता ते नियम. उच्चांकापासून १० टक्के खाली गेल्यावर, म्हणजे एप्रिलच्या मध्यात, प्रत्येक नव्या सौद्यातली जोखीम निधीच्या ०.६० टक्क्यांवरून ०.४० वर आली. १५ टक्क्यांवर ती ०.३० होते, सर्व उघड्या सौद्यांची एकूण जोखीम ९ ऐवजी ४.५ टक्क्यांच्या आत आणावी लागते आणि नवीन बाजार जोडता येत नाही. हे सगळं शुक्रवारी सकाळी झालं. तेरा सौदे उघडे होते आणि एकूण जोखीम ६.१ टक्के होती, ती ४.४ वर आणली. चांदीतला सौदा चांगल्या नफ्यात होता. तो कमी करताना हात थबकला, हे लपवत नाही. पण नियमात चांगला सौदा आणि वाईट सौदा असा भेद नाही, सगळे त्याच प्रमाणात कापायचे होते, तसे कापले.

पुढची रेषा २० टक्क्यांची, म्हणजे ११८.५६. आजच्या एनएव्हीपासून ती आणखी ४.१ टक्के खाली आहे. नव्या आकाराने तिथे पोचायला ओळीने चौदा सौदे पूर्ण तोट्यात जावे लागतील, मूळ ०.६० च्या आकाराने सातच पुरले असते. ती ओलांडली तर नवीन सौदे पूर्ण बंद होतील, असलेले आपापल्या स्टॉपने सुटतील आणि ३० दिवसांत तुमचं मतदान होईल: निधी चालू ठेवायचा की पैसे परत करायचे. माझ्या स्वतःच्या युनिटना त्या मतदानात मत नाही. २५ टक्क्यांवर, म्हणजे १११.१५ ला, मतदानाचा प्रश्नच उरत नाही. सगळं विकून पैसे परत.

वरच्या दिशेलाही पायऱ्याच आहेत. महिनाअखेरची एनएव्ही १३३.३८ च्या वर आली तर जोखीम ०.४० होईल, १४०.७९ च्या वर आली तर पुन्हा ०.६०. मधल्या एखाद्या चांगल्या आठवड्याने काही बदलत नाही.

या कपातीची किंमत आहे आणि ती आपण सगळेच मोजणार आहोत. १६.६ टक्के गेलेले भरून काढायला १९.९ टक्के कमवावे लागतात, कारण आता कमाई कमी झालेल्या रकमेवर होते. आणि ती कमाई अर्ध्या आकाराने करायची आहे. उद्याच मोठा ट्रेंड सुरू झाला तर आपल्याला त्यातलं अर्धंच मिळेल. तुमच्यापैकी एकांनी सुचवलं की आता भाव पडलेत, उलट आकार वाढवा, लवकर वसूल होईल. दुसऱ्या एकांनी विचारलं की सगळंच का थांबवत नाही. दोन्ही प्रश्न माझ्याही मनात रात्री येऊन गेलेत. पण पाच वर्षांपूर्वी, एकही रुपया अडकलेला नव्हता तेव्हा, हे नियम लिहिले ते अशाच दिवसांसाठी. तोट्यात बसलेल्या माझ्या डोक्यापेक्षा मला त्या लिखाणावर जास्त भरवसा आहे.

ड्रॉडाउन चालू असताना जोखीम वाढवणारा कोणताही बदल मला करता येत नाही. कमी करणारा करता येतो, ३० दिवसांची पूर्वसूचना देऊन. ती सूचना हीच समजा: शेअर निर्देशांक आणि रोखे यांची, दोन्हींतले सौदे एकाच दिशेला असतील तेव्हा, यापुढे एकच मर्यादा मोजली जाईल.

आमच्या पूर्वचाचणीतला सर्वांत वाईट ड्रॉडाउन २१.४ टक्क्यांचा होता. तो तळ समजू नका. चाचणी जुन्या भावांवर केलेली असते आणि पुढचे भाव त्यांना बांधील नसतात.

शुल्काचं थोडक्यात: आपापला हाय वॉटर मार्क पार होईपर्यंत नफ्यातला वाटा आम्ही घेणार नाही. जे १४८.२० किंवा त्याआधीपासून आहेत त्यांचा मार्क १४८.२०, नंतर आलेल्यांचा त्यांच्या खरेदीच्या एनएव्हीचा. हा मार्क कधीही खाली आणला जात नाही. वार्षिक १ टक्का व्यवस्थापन शुल्क मात्र चालू राहील.

ज्यांना पैसे काढायचे आहेत त्यांनी संकोच करू नये. ३० जूनच्या एनएव्हीने बाहेर पडण्यासाठी लेखी विनंती येत्या शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत पोचायला हवी. पैसे दहा दिवसांत खात्यात येतील. एका तिमाहीत निधीच्या २० टक्क्यांहून अधिक रकमेची मागणी आली तरच ती सर्वांना प्रमाणात वाटून द्यावी लागते. आजपर्यंत एकच विनंती आली आहे, सुमारे ३ टक्क्यांची. हे पैसे तुम्हाला दोन वर्षांच्या आत कशासाठी लागणार असतील, तर माझा सल्ला आहे की काढून घ्या, आणि त्यासाठी मला कारण सांगायची गरज नाही. निधीतले २२ टक्के युनिट माझे आणि माझ्या कुटुंबाचे आहेत. १४८.२० परत येईपर्यंत त्यातला एकही मी काढणार नाही.

सर्व सौद्यांची यादी, प्रत्येकाच्या प्रवेशाच्या आणि सुटकेच्या भावासह, सोबत जोडली आहे. गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता ऑनलाइन बैठक आहे, लिंक वेगळ्या मेलमध्ये येईल. पत्रातला एखादा आकडा यादीशी जुळत नसेल तर बैठकीची वाट पाहू नका, याच मेलला उत्तर द्या, त्याच दिवशी खुलासा करीन. ड्रॉडाउन १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत दर सोमवारी एनएव्ही, एकूण जोखीम आणि २० टक्क्यांच्या रेषेपासूनचं अंतर, हे तीन आकडे तुम्हाला मिळत राहतील.

आपला,
निधी व्यवस्थापक