पंपवाल्यांचा अकाउंट प्लॅन, एप्रिल ते मार्च

हा प्लॅन सेल्सबरोबर प्रॉडक्शन, क्वालिटी आणि अकाउंट्सनेही वाचायचाय. टार्गेट आहे या कस्टमरकडून 25% जास्त विक्री.

आत्ता त्यांच्या प्लांट 1 च्या बॉक्स खरेदीतले साधारण 70% आपण देतो, प्लांट 2 मध्ये 20%, आणि प्लांट 3 मध्ये शून्य. प्लांट 1 मध्ये अजून मागत बसण्यात अर्थ नाही, कुठलाही परचेसवाला दुसरा सप्लायर जिवंत ठेवणारच, आणि आपण जास्त खेचायला गेलो की तो रेट पाडायला सांगणार. तिथे फक्त आहे ते सांभाळायचं.

प्लांट 2 ची खरेदी एकच्या निम्मी आहे, तिथे 20 चे 40% केले की 25 पैकी 12 टक्के तिथूनच निघतात. अडचण रेटची नाहीये, मागच्या पावसाळ्यात आपले बॉक्स ओलाव्याने बसले आणि ते तिथल्या स्टोअरवाल्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून मे संपायच्या आत क्वालिटीने तिथे जाऊन त्यांच्यासमोर कॉम्प्रेशन टेस्ट करून दाखवायची, आणि जून ते सप्टेंबर प्रत्येक लॉटसोबत मॉइश्चरचा रिपोर्ट द्यायचा, त्यांनी मागितला नाही तरी.

8% एक्सपोर्ट पॅकिंगमधून. मोठे पंप आत्ता लाकडी क्रेटमध्ये जातात, आणि एक्सपोर्टच्या लाकडाला आयएसपीएम 15 ची ट्रीटमेंट आणि शिक्का लागतो. सात प्लायच्या बॉक्सला ती भानगड नाही (खाली लाकडी पॅलेट असेल तर त्याला लागणारच, हे आधीच सांगा, नंतर तोंडघशी पडायला नको). हा विषय परचेसकडे नेला तर ते किलोचा रेट विचारून मोकळे होतील, त्यामुळे आधी डिस्पॅच आणि डिझाइनवाले, ट्रायलला दोन मॉडेल, जुलैपर्यंत. उरलेले 5% पार्टिशन आणि कॉर्नरमधून, ते सध्या बाहेरून घेतात, बॉक्ससोबत सेट म्हणून कोट करा.

प्लांट 3 यावर्षी धरलेला नाही. ओळख ठेवा, बस्स.

आता खरी भीती. आपला सगळा संबंध परचेस हेड साहेबांवर टिकलाय, उद्या त्यांची बदली झाली तर? म्हणून सेल्सशिवाय आपल्या प्लांट मॅनेजरने त्यांच्या प्रॉडक्शन हेड मॅडमना तिमाहीला एकदा तरी भेटायचं. दुसरं म्हणजे पेमेंट, ठरलंय 60 दिवस आणि येतंय 85 ला, धंदा वाढला की अडकलेले पैसेही वाढणार. अकाउंट्सने महिन्याच्या 5 तारखेला थकबाकीची यादी पाठवायची, आणि 75 दिवसांच्या वर बिल गेलं तर नवीन आयटमचं सॅम्पल थांबवायचं, चालू सप्लाय नाही.

क्राफ्ट पेपरचा भाव 5% च्या वर हलला की तिमाहीला रेट बदलेल, हे कलम नवीन रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये घालून घ्यायचंच. ते नसेल तर वाढलेल्या विक्रीत मार्जिन उरणार नाही, तेव्हा सही करायच्या आधी मला फोन करा.