संदीपरावांना, आई गेल्याचं कळल्यावर

संदीपराव,

आई गेल्याचं सकाळी कुलकर्णी मॅडमकडून कळलं. फोन हातात घेतला होता, पण घरात माणसं असतील, विधी चालू असतील, म्हणून लिहितोय. फार वाईट वाटलं.

आईंना मी एकदाच भेटलो, तुमच्या वास्तुशांतीला. पंगतीत त्यांनी मला तिसऱ्यांदा सोलकढी वाढली आणि 'पुण्यात राहून वाळलास रे' म्हणाल्या. तेव्हा माझं वजन चांगलं ब्याऐंशी किलो होतं! कुडाळहून त्या पाठवायच्या त्या फणसपोळीत आमच्या सगळ्या सेक्शनचा वाटा असायचा, आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही हा नियमही त्यांचाच. त्या आम्हाला परक्या कधी वाटल्याच नाहीत.

गेलं वर्षभर दर पंधरवड्याला शुक्रवारची रात्रीची गाडी पकडून तुम्ही त्यांच्यासाठी जात होतात. आम्ही ते पाहत होतो. तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून आम्हीही विचारलं नाही.

ऑफिसची काळजी करू नका. तुमच्या फायली मी आणि शेखने वाटून घेतल्या आहेत. ऑडिटचं साहेबांशी बोलून झालंय, रजेचा अर्ज आल्यावर दिलात तरी चालेल. तेराव्याला मी आणि मॅडम येऊ. जेवणाखाण्याची, राहण्याची काही व्यवस्था करू नका. आमचं आम्ही बघू.

बाबांना माझा नमस्कार सांगा. वहिनी आणि मुलांना सांभाळा, स्वतःलाही. काही लागलं तर रात्री-अपरात्री फोन करा. या निरोपाला उत्तर द्यायची गरज नाही.

तुमचा,
महेश