नमस्कार हेमंत सर, आपल्याच कॉलेजची 2023च्या बॅचची विद्यार्थिनी

नमस्कार हेमंत सर,

काल कनेक्शनची रिक्वेस्ट स्वीकारलीत, आभारी आहे. मी मृणाल, नाशिकला सिडकोत राहते. आपल्याच कॉलेजची, इलेक्ट्रिकल, 2023ची बॅच. तुमची 2011ची, त्यामुळे आपली भेट होण्याचा प्रश्नच नव्हता. तुमच्या मार्कशीटवर नुसतं 'पुणे विद्यापीठ' असेल, आमच्यावर सावित्रीबाई फुल्यांचं नाव आलं. पण मशीन्स लॅबमधला तो मोटर-जनरेटर सेट, जो सुरू केला की शेजारच्या टेबलावरची जर्नलं सरकायला लागायची, तो आमच्यापर्यंत टिकला होता. आणि एकलहऱ्याची व्हिजिटही.

नोकरीसाठी शब्द टाका, असं म्हणायला हा मेसेज नाही. दोन गोष्टींत सल्ला हवा आहे, आणि त्या विचारायला माझ्या ओळखीत तुमच्या कामातलं दुसरं कोणी नाही. इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, पण ते सगळ्यांचं असतं तसंच व्हायला लागलं. तुम्ही पोस्ट मराठीत लिहिता, म्हणून मराठीतच लिहिते.

तुमची ती सीटीवाली पोस्ट मी दोनदा वाचली. ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि लोड घेतल्याबरोबर डिफरन्शियलवर ट्रिप; कारण एका बाजूच्या सीटीची पोलॅरिटी उलटी. 'रिले खोटं बोलली नव्हती, आम्ही तिला खोटं सांगितलं होतं,' असं तुम्ही लिहिलंत. ते वाचलं आणि या माणसाला विचारावं असं वाटलं.

माझं थोडक्यात: डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. डिग्रीनंतर अंबडला एका पॅनेल बिल्डरकडे वर्षभर ॲप्रेंटिस आणि पुढे तिथेच आठ महिने कॉन्ट्रॅक्टवर, टेस्टिंगला. ऑर्डरी आटल्या तसे कॉन्ट्रॅक्टवाले आधी घरी गेले. मार्चपासून मी घरी आहे, म्हणजे पाच महिने झाले.

त्या वीस महिन्यांत 11 केव्हीच्या पॅनेलची रुटीन टेस्टिंग भरपूर केली. वायरिंग तपासणं, इंटरलॉक, ब्रेकरचं ऑपरेशन, 28 केव्हीला एक मिनिट. एकदा एका ब्रेकरचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स घेताना दोन पोल 38 आणि 40 मायक्रोओहम आले आणि तिसरा 97. आमचे सिनियर म्हणाले, क्लॅम्प नीट लाव. लावला, 95. पुसून परत लावला, 96. संध्याकाळचे सहा वाजले होते, गाडी डिस्पॅचला उभी होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, ट्रॉली बाहेर काढून क्लस्टर बघते. टॉर्च मारली तर फिंगर कॉन्टॅक्टची एक स्प्रिंग खाचेतून सुटून कडेला लोंबत होती. बसवल्यावर 41. त्या दिवशी गाडी तासभर उशिरा गेली आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली, पण टेस्टिंगचं काम मला आवडतं हे मला तेव्हा कळलं.

रिलेचं मात्र माझं ज्ञान उथळ आहे, ते आधीच सांगते. सेकंडरी इंजेक्शन किटवर ओव्हरकरंट आणि अर्थफॉल्ट तपासलंय. दुप्पट करंटला, टीएमएस 1 वर, स्टँडर्ड इन्व्हर्सला दहा सेकंदांच्या आसपास वेळ यायला हवा, हे हिशोब करून बघता येतं. डिफरन्शियल आणि डिस्टन्सला हात लावलेला नाही. जे आहे ते पुस्तकातलं.

आता प्रश्न. सध्या माझ्यासमोर दोन कामं आहेत. एक अंबडलाच, दुसऱ्या एका पॅनेलवाल्याकडे, पुन्हा रुटीन टेस्टिंग, महिना 19 हजार, घरून स्कूटीवर पंधरा मिनिटं. दुसरं पुण्याच्या एका कमिशनिंग कॉन्ट्रॅक्टरकडे, 16 हजार आणि साइटवर असेन तेवढे दिवस भत्ता. महिन्यातले वीसेक दिवस बाहेरगावी. घरात सगळ्यांचं मत अंबड. वडील मोटर वाइंडिंगचं काम करतात, त्यांचं एकच म्हणणं, 'हातात आलेलं काम सोडू नये.' मला भीती वाटते ती वेगळीच. आणखी दोन वर्षं तेच पॅनेल, त्याच टेस्ट केल्या तर पुढे प्रोटेक्शनवाले मला 'पॅनेलवाली' म्हणूनच बघतील का? तुमच्या प्रोफाइलवर दिसतं की तुम्हीही सातपूरला तीन वर्षं शॉप फ्लोअरवर होतात आणि मग साइटवर गेलात. ती तीन वर्षं पुढे उपयोगी पडली, की लवकर निघायला हवं होतं असं आता वाटतं?

दुसरा प्रश्न विचारायला जरा अवघड आहे. जूनमध्ये एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले होते. टेक्निकल व्यवस्थित झालं. शेवटी साहेबांनी विचारलं, 'रात्री शटडाउन असतो, तू साइटवर राहशील का?' मी 'हो' म्हणेपर्यंत त्यांनी माझा बायोडेटा उलटा करून ठेवला होता. तो उलटा कागद अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून मला कळत नाही की हे त्या एका माणसाचं होतं की सगळीकडे असंच आहे. तुम्ही आता टीम सांभाळता. तुमच्याकडे मुली साइटवर येतात का? येत असतील तर राहण्याची, रात्रीच्या कामाची व्यवस्था कोण बघतं, आणि कंपनीत रुजू होण्याआधी मी नेमकं काय विचारून घ्यावं? खरं असेल ते सांगा, गोड नसलं तरी चालेल. आई हेच विचारते आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

बाकी सुपरवायझर लायसन्ससाठी अर्ज आताच करावा की साइटचा अनुभव घेऊन, हेही मनात आहे, पण ते नंतर.

पुण्याच्या लोकांना मला 20 तारखेपर्यंत कळवायचं आहे. तुम्हाला जमेल तसं इथेच दोन-चार ओळींत लिहिलंत तरी खूप झालं. बोलणं सोपं वाटत असेल तर रविवारी तुमच्या सोयीची वेळ सांगा, पंधरा मिनिटांच्या वर घेणार नाही. आणि कामाच्या गडबडीत जमलं नाही तर तसंही चालेल, मी मागे लागणार नाही. बायोडेटा मुद्दाम जोडलेला नाही. बघावासा वाटला तर सांगा, पाठवते.

मेसेज लांबला, माफ करा. निम्मा खोडला तरी एवढा राहिला.

मृणाल
सिडको, नाशिक

ता. क. त्या पोस्टखाली एकाने विचारलं होतं की पोलॅरिटी साइटवर कशी तपासायची, आणि तुम्ही 'बॅटरी आणि ॲनालॉग मीटर' एवढंच लिहिलंत. वडिलांच्या जुन्या मीटरवर मी घरी करून बघितलं. काटा उजवीकडे गेला, आणि बॅटरी उलटी केल्यावर डावीकडे. सीटी मात्र मला भंगारवाल्याकडून आणावी लागली.