संबंधित विभाग

पत्र एकाच पानाचं होतं आणि त्यातली चौथी ओळ रेवतीला एव्हाना पाठ झाली होती : ‘तात्पुरत्या प्रवेशास अनुसरून मूळ कागदपत्रे संबंधित विभागात जमा करून पोच घ्यावी, त्याशिवाय हजेरीपटावर नाव घेतले जाणार नाही.’

एमएस्सीचं पहिलं वर्ष, विषय संख्याशास्त्र, पहिला तास दुपारी दोनला. ती सव्वादहालाच येऊन पोचली होती. पावणेचार तासांत एक पाकीट देऊन यायचं, यात काय अवघड, असं तिला वाटलं होतं.

फाटकाजवळच्या चौकीत सुरक्षारक्षक बसले होते.

“काका, स्टॅटिस्टिक्स डिपार्टमेंट कुठे आहे?”

“मुख्य इमारत. दोनशे चौदा.”

खोलीच्या क्रमांकातला पहिला आकडा मजल्याचा, एवढं तिला ठाऊक होतं. ती दुसऱ्या मजल्यावर गेली. २०१, २०२, असं करत २१२पर्यंत आली. पुढे भिंत, भिंतीला लोखंडी कपाट, कपाटावर दोरीनं बांधलेले फायलींचे गठ्ठे. ती परत फिरली, समोरच्या रांगेतले दरवाजे वाचले, पुन्हा कपाटाशी आली. कपाटामागे दार असेल की काय, म्हणून वाकूनही पाहिलं. शेवटी पाण्याची बाटली भरणाऱ्या एका शिपायानं सांगितलं की २१३पासून पुढच्या खोल्या मागच्या नव्या भागात आहेत. दोन्ही भाग फक्त तळमजल्यावर जोडलेले. म्हणजे खाली उतरायचं, चौक ओलांडायचा, पुन्हा दोन मजले चढायचे. इमारत वाढवताना क्रमांक पुढे चालू ठेवले होते, जिना मात्र चालू ठेवता आला नव्हता.

२१४च्या दारावर पाटी होती, ‘सांख्यिकी विभाग’. आत चार टेबलं आणि चारही टेबलांवर रकान्यांचे मोठमोठे तक्ते.

“एमएस्सीला आलीयेस?” पहिल्या टेबलावरच्या गृहस्थांनी पत्र हातात न घेताच विचारलं. “संख्याशास्त्र विभाग हा नव्हे. आम्ही कुठल्या अभ्यासक्रमाला किती जागा, किती भरल्या, मुलं किती, मुली किती, हे आकडे गोळा करतो. शिकवायचा विभाग विज्ञान संकुलात, ग्रंथालयाच्या मागे.”

काकांनी चुकीचं सांगितलं नव्हतं. तिनं इंग्रजी शब्दात विचारलं होतं आणि तो एक शब्द इथल्या दोन पाट्यांना बसत होता. मराठीत विचारलं असतं तर फाटकातच उलगडा झाला असता. शिवाय ‘विभाग’ हा शब्दही इथे दोन कामं करत होता. जिथे विषय शिकवतात तोही विभाग आणि जिथे कागद ठेवतात तोही विभागच. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही, कारण जुन्या माणसांच्या ते ध्यानातही येत नाही.

विज्ञान संकुल उतारावर बांधलेलं. पायऱ्या चढून मोठ्या दारातून आत शिरलं की समोर १०१. म्हणजे दारातून आत येणारा माणूस थेट पहिल्या मजल्यावर असतो आणि तळमजला त्याच्या पायाखाली, मागच्या उतारात. रेवतीला दाराजवळच्या फलकावरून विभागाचं कार्यालय ३०५मध्ये असल्याचं कळलं. ती सवयीनं तीन जिने चढली आणि थेट गच्चीच्या बंद दाराशी आली. एक जिना उतरल्यावर ३०५ सापडली. पाटीवर ‘संख्याशास्त्र विभाग’ अशी अक्षरं. तिला हायसं वाटलं.

विभागाचे लिपिक हजेरीपटावर पट्टी धरून रेघा मारत होते. तिनं पाकीट पुढे केलं.

“पोच?”

“ती इथूनच मिळणार ना, सर? संबंधित विभाग लिहिलंय.”

“मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. आमच्या फायलीला फक्त पोचेची झेरॉक्स लागते. मूळ कागद मुख्य इमारतीत, शैक्षणिक विभागात.” त्यांनी हजेरीपट तिच्याकडे किंचित वळवला. तीस नावं शाईनं लिहिलेली. त्याखाली ३१ हा आकडा आणि पुढे कोरी रेघ. “जागा ठेवलीय तुझी. दोनच्या आत आण.”

शैक्षणिक विभागाची रांग व्हरांड्यातून वळून जिन्यापर्यंत आली होती. पाऊण तास ती उभी होती. पुढच्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीची चेन अर्धी उघडी होती आणि त्यातून तसंच एक पाकीट डोकावत होतं. त्यामुळे आपण बरोबर रांगेत आहोत याची तिला खात्री वाटली. पाकीट मात्र सगळ्यांचंच सारखं असतं. आतले कागद वेगळे असतात.

खिडकीतल्या बाईंनी पहिलाच कागद पाहिला. “पदवी दुसऱ्या विद्यापीठाची?”

“हो.”

“मग इथे नाही. इथे फक्त आपल्याच विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांचे.”

“मग कुठे?”

“संबंधित विभागात,” असं म्हणेपर्यंत पुढचा हात तिच्या खांद्यावरून खिडकीत गेलाही होता.

बारा पस्तीस झाले होते. रेवती भिंतीला टेकून उभी राहिली. तीन ठिकाणी ती हेच पत्र घेऊन गेली होती आणि तिन्ही ठिकाणी तिनं एकच प्रश्न विचारला होता : इथेच का? उत्तर ‘नाही’ आलं की तो प्रश्न तिथेच संपत होता. त्यातून पुढचा रस्ता निघत नव्हता.

समोरचं दार सताड उघडं होतं. दारावर ‘आवक-जावक’. आत एकच टेबल, त्यावर दोन जाडजूड नोंदवह्या, बाजूला लाकडी फळीवर खणाखणांत ठेवलेली पत्रं. टेबलामागच्या बाई एकेका पत्रावर शिक्का मारून क्रमांक घालत होत्या. रेवती आत गेली आणि या वेळी वेगळं विचारलं.

“मॅडम, हे पत्र कुणी पाठवलंय, ते कसं कळेल?”

बाईंनी शिक्का बाजूला ठेवला. पत्र घेतलं आणि मजकुराकडे नजरही न टाकता वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

‘जा. क्र. पात्रता/पदव्युत्तर/४१७’

“हे वाचलंस?”

रेवतीनं ते पाहिलं होतं, वाचलं नव्हतं. पत्राच्या कोपऱ्यातले आकडे आपल्यासाठी नसतात, असंच ती धरून चालली होती.

“जा. क्र. म्हणजे जावक क्रमांक. पत्र ज्या कार्यालयातून निघतं त्याचं नाव पहिलं. पात्रता विभाग. मग त्यातलं टेबल, पदव्युत्तर. शेवटी त्या टेबलाचा या वर्षातला कितवा कागद, ते. ज्यानं पत्र पाठवलं, त्यालाच तुझे कागद हवेत. आता खाली बघ.” बोट पानाच्या तळाशी गेलं. “‘प्रत माहितीसाठी : विभागप्रमुख, संख्याशास्त्र’. म्हणजे त्यांना फक्त कळवलंय. कागद त्यांनी घ्यायचे नाहीत. ज्याच्या नावापुढे ‘माहितीसाठी’ असतं, तिथे काही जमा करायचं नसतं.”

“मग ‘संबंधित’ का लिहितात?”

“एकच मजकूर सगळ्यांना पाठवता यावा म्हणून. लिहिणाऱ्याचं काम होतं. वाचणाऱ्याला मात्र तुझ्यासारखं फिरावं लागतं.” बाईंनी पत्र परत दिलं. “नवा भाग, तळमजला, ०१८. खिडकी दीडला बंद होते ती अडीचला उघडते. पाकीट उघड बघू.”

रेवतीनं कागद काढले. बाईंनी पत्त्यांसारखे भराभर चाळले.

“स्थलांतर प्रमाणपत्र सगळ्यात वर ठेव. ते नसलं तर पुढचे कागद कुणी बघतच नाही. त्याखाली पदवीच्या शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, मग महाविद्यालय सोडल्याचा दाखला. झेरॉक्सवर सही कुठाय?”

“माझी?”

“तुझीच. स्वसाक्षांकित म्हणजे प्रत्येक प्रतीवर आपली सही आणि तारीख. मूळ कागदावर चुकूनही करू नकोस. आणि गुणपत्रिकेची मागची बाजू? तिच्यावर श्रेणींचा तक्ता असतो, तोही लागतो. जिन्याखाली झेरॉक्स आहे.”

जिन्याखालच्या यंत्रापुढे सहाजण होते. मागच्या बाजूची प्रत निघेपर्यंत एक वाजून दहा मिनिटं झाली. रेवतीनं गुडघ्यावर पाकीट ठेवून पाच सह्या केल्या. पाचवी घाईत वाकडी आली. ती पुसता येण्यासारखी नव्हती. तिनं खाली तारीख घातली आणि निघाली.

०१८च्या खिडकीशी दोघंच होती. आतल्या माणसानं वरचा कागद पाहिला, मान हलवली, मूळ गुणपत्रिका आणि प्रत शेजारी शेजारी धरून आसनक्रमांक ताडून पाहिला, पान उलटलं, मागची बाजू पाहिली. वाकड्या सहीवर त्याची नजर क्षणभर थांबली. पुढे सरकली. मग त्यानं सगळे कागद टाचले आणि ट्रेमध्ये टाकले.

“झालं.”

सकाळची रेवती इथून धन्यवाद म्हणून निघाली असती.

“सर, पोच द्या ना. माझ्या प्रतीवर.” तिनं पत्राची झेरॉक्स खिडकीतून सरकवली. “आणि कुठले कागद घेतले, तेही लिहाल का?”

त्यानं वर पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. एक सत्तावीस. मग पेन उचललं : ‘मूळ स्थलांतर प्रमाणपत्र, मूळ दाखला, साक्षांकित प्रती ५. मूळ गुणपत्रिका पडताळून परत.’ गुणपत्रिका टाचणीतून सोडवून तिच्या हातात दिली. टाचताना ती चुकून आत गेली होती. विचारलं नसतं तर ट्रेमध्येच राहिली असती. शिक्का पडला, त्यावर आवक क्रमांक, तारीख, आद्याक्षरी सही. शाई ओली होती. रेवतीनं कागद घडी न करता तसाच दोन्ही हातांत धरला.

जिन्याखाली आता गर्दी नव्हती. पोचेची एक झेरॉक्स, मग ग्रंथालयाच्या मागून विज्ञान संकुल. या वेळी दोनच जिने. ३०५मध्ये ती शिरली तेव्हा दोनला दहा कमी होते.

लिपिकांनी प्रत घेतली, आवक क्रमांक वाचला, फाईलला लावली. टोपण काढलेलं पेन ३१च्या रेघेवर टेकलं. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. ते लिहीत असताना रेवती प्रत्येक अक्षर उलट्या बाजूनं वाचत होती.

“रेवती, ‘व’ला वेलांटी नाही ना?”

“नाही. ‘ती’ दीर्घ.”

त्यांनी शाई टिपकागदानं टिपली, हजेरीपट मिटला आणि तिच्यापुढे धरला. “तू तिकडेच चाललीयेस, घेऊन जा. सरांच्या टेबलावर ठेव. वर्ग ००७.”

हजेरीपट तिच्या कल्पनेपेक्षा जड निघाला. व्हरांड्यात एक मुलगा खांबाला लावलेला नकाशा बघत होता. मोठ्या दाराबाहेर पडून तो वरच्या इमारतीकडे बोट दाखवत कुणाला तरी विचारायला गेला, “००७ कुठे?”

“खाली,” रेवतीनं त्याला हाक मारून सांगितलं. “आपण उभे आहोत तो पहिला मजला आहे. जिना या बाजूला.”

दोघं उतरले. खालच्या व्हरांड्यात उतारावरचा उजेड आडवा येत होता. ००५, ००६. सातव्या दारातून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. टेबल रिकामं होतं. रेवतीनं हजेरीपट त्यावर ठेवला, खालच्या बाजूनं एकदा उघडून ३१वी ओळ वाळली आहे ना ते पाहिलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.