पाळी हस्तांतरण टिपण: रात्रपाळीकडून सकाळपाळीकडे

कक्ष: सामान्य औषधोपचार व शस्त्रक्रिया कक्ष, २४ खाटा
पाळी: १२ तारखेची रात्रपाळी, टिपण लिहिण्याची वेळ १३ तारीख, सकाळी ७:१५

कक्षात आत्ता २१ रुग्ण असून रात्री एक नवा रुग्ण दाखल झाला आहे. मृत्यू किंवा अन्य कक्षात बदली नाही. तोंडी ओव्हर खाटेजवळ उभे राहूनच देईन, पण आपण राउंडला निघण्यापूर्वी खाट क्रमांक ७ आणि ३ यांच्याबद्दलचा मजकूर आधी वाचावा, कारण या दोघांच्या बाबतीत पुढच्या दोन तासांतच निर्णय घ्यावे लागणार आहेत.

खाट ७. वय ६८, उजव्या फुप्फुसाचा न्यूमोनिया, उपचाराचा तिसरा दिवस, पेनिसिलिनची ॲलर्जी (हातात लाल पट्टी आहे). काल रात्री ९ वाजता ऑक्सिजनविना सॅच्युरेशन ९६ आणि श्वासगती १८ होती. २:४० च्या फेरीत ते बोलताना अडखळत असल्याचे जाणवले म्हणून तपासणी केली, तेव्हा सॅच्युरेशन ८९, श्वासगती २८, नाडी ११२, रक्तदाब १०४/६२ आणि ताप १०१.८ आढळला. लगेच अर्धवट बसते करून मास्कने मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन सुरू केला आणि निवासी डॉक्टरांना २:४५ ला कळवले. ते ३ वाजता आले. पहिल्या औषधलेखनात पेनिसिलिन गटातले औषध आले होते. लाल पट्टी आणि केसपेपरवरील नोंद दाखवताच ते रद्द होऊन लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मि.ग्रॅ. लिहिले गेले. रद्द केलेली ओळ औषधपत्रकावर अजून वाचता येते, तेव्हा पुढचा डोस काढताना कृपया तिच्यावरून नजर चुकू देऊ नये. रक्ताच्या कल्चरचे दोन्ही संच आधी घेऊन मगच ३:४० ला औषध लावले आणि ते ५:१० ला संपले. पुढचा डोस उद्या पहाटे ३:४० ला आहे.

सकाळी ७ वाजता नाकातील नळीने ४ लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९४, श्वासगती २२, नाडी ९८ आणि रक्तदाब ११०/६८ आहे. आकडे सुधारले आहेत, तरी माझे समाधान झालेले नाही: रुग्ण थकलेला आहे, खांदे उचलून श्वास घेतो आणि रात्री १ ते सकाळी ७ या सहा तासांत लघवी फक्त १२० मि.लि. झाली आहे, जी त्यांच्या ६२ किलो वजनाच्या मानाने कमी आहे. ही बाब ६:३० ला डॉक्टरांना पुन्हा कळवली असून, सलाईन ताशी १०० मि.लि. गतीने चालू ठेवण्यास आणि लघवीचे माप तासागणिक लिहिण्यास त्यांनी सांगितले आहे. सकाळी ९ वाजता धमनीतील रक्तवायूंची तपासणी दुसऱ्यांदा करायची आहे. पहाटे ४:३० ला खाटेवरच काढलेल्या एक्स-रेचा अहवाल यायचा आहे; तो आपण स्वतः मागवावा. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन ९२ च्या खाली, श्वासगती २५ च्या वर किंवा वरचा रक्तदाब १०० च्या खाली गेल्यास वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे, असे लेखी आदेश आहेत. अतिदक्षता विभागाला कल्पना दिलेली आहे. मुलाला ३:३० ला फोनवर स्थिती सांगितली असून तो ८ च्या सुमारास येईल; त्याच्याशी डॉक्टरांनीच बोलावे अशी विनंती मी केली आहे.

खाट ३. वय ५४, मधुमेह, पायाच्या जखमेसाठी दाखल. पहाटे ३:१५ ला घाम आणि थरथर, साखर ५८. पूर्ण शुद्धीत आणि गिळता येत असल्याने १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिले. पंधरा मिनिटांनी साखर ८२ आणि ४:१५ ला ११८ होती. रात्रीचे जेवण त्यांनी अर्धेच घेतले, तरी संध्याकाळचे इन्सुलिन पूर्ण दिले गेले होते. कारण बहुधा तेच असावे. आता अडचण अशी की ९:३० ला पोटाची सोनोग्राफी असल्याने ते उपाशी आहेत आणि पत्रकावर ८ वाजताचे इन्सुलिन अजून तसेच लिहिलेले आहे. डॉक्टरांनी पत्रक बदलेपर्यंत हे इन्सुलिन देऊ नये. त्यांना ६:५० ला सांगितले आहे, मात्र लेखी बदल झालेला नाही. साखर ८ वाजता आणि सोनोग्राफीला नेण्यापूर्वी पुन्हा तपासावी. ड्रेसिंग दुपारच्या पाळीचे आहे.

खाट १२. वय ४१, हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा पहिला दिवस. रात्री १० ला कॅथेटर काढल्यानंतर ५ वाजेपर्यंत लघवी झाली नाही आणि ओटीपोट फुगून दुखू लागले. आदेशानुसार ५:२० ला एकदाच कॅथेटर घालून ६५० मि.लि. लघवी काढली आणि नळी ठेवली नाही. ११:३० पर्यंत स्वतःहून लघवी न झाल्यास कळवावे. टाके कोरडे आहेत. वेदनाशामक ६ वाजता दिले आहे.

खाट १६. हिमोग्लोबिन ६.८. रक्ताची पहिली पिशवी १:५० ला संपली. ताप, पुरळ किंवा धाप नाही. दुसऱ्या पिशवीची जुळणी तयार आहे, पण ती मुद्दाम मागवलेली नाही. पहाटे एकीकडे खाट ७ आणि दुसरीकडे खाट ३ असताना पहिली पंधरा मिनिटे या रुग्णाजवळ उभे राहणे शक्य नव्हते. पिशवी आणल्यावर अर्ध्या तासात सुरू करून चार तासांच्या आत संपवायची असल्याने, दोघींना एकत्र पडताळणी करता येईल अशाच वेळी ती मागवावी.

खाट २२. रात्री ११:४० ला दाखल, वय २९, पाच दिवसांचा ताप, प्लेटलेट ४६,०००. रक्तस्राव कोठेही नाही. स्नायूत इंजेक्शन देऊ नये आणि तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे. ८ वाजताचा रक्तनमुना राहिला आहे. नळीवर नावाची चिठ्ठी लावून ती ट्रेमध्ये ठेवली आहे.

खाट १९. वय ८१, रात्री दोनदा खाटेवरून उतरण्याचा प्रयत्न. खाट खाली केली आहे, कठडे लावलेले आहेत आणि नातेवाईक जवळ आहेत. गुंगीचे औषध दिलेले नाही. माकडहाडावर लालसरपणा आहे, त्वचा फाटलेली नाही. ६ वाजता डाव्या कुशीवर केले असून ८ ला उजव्या कुशीवर करावे. चष्मा उशीखाली आहे. तो लावल्यावर त्या बऱ्याच शांत होतात.

खाट ५ आणि १० यांना आज सुट्टी मिळणार आहे. ५ ची औषधे समजावून झाली आहेत, १० ची राहिली आहेत. उरलेल्या रुग्णांच्या स्थितीत बदल नाही.

खाट ८ जवळचे सक्शन यंत्र दाब धरत नाही. त्यावर चिठ्ठी लावून पर्यायी यंत्र आणले आहे, दुरुस्तीची नोंद मात्र कार्यालय उघडल्यावर करावी लागेल. आपत्कालीन ट्रॉली तपासून बंद केली आहे. मॉर्फिनचे ६ अँप्यूल शिल्लक आहेत. ते आपण माझ्यासमोर मोजून नोंदवहीत दोघींच्या सह्या कराव्यात, त्यानंतरच मी कपाटाची किल्ली आपल्याकडे देईन.

अधिपरिचारिका, रात्रपाळी